के-मॅपचं उत्तर मूळ सर्किटशी जुळत नाही: चूक कुठल्या पायरीवर झाली ते कसं शोधायचं

तक्रार नेहमी एकाच प्रकारची असते. बुलियन एक्स्प्रेशन दिलेलं असतं, त्यावरून गेटची आकृती काढली जाते, ट्रुथ टेबल होतं, के-मॅप भरला जातो आणि लहान उत्तर येतं. मग ब्रेडबोर्डवर किंवा सिम्युलेटरमध्ये जुनं आणि नवं सर्किट शेजारी लावलं की काही इनपुटला एलईडी वेगळे दिसतात. बहुतेक जण इथे सगळं खोडून पहिल्यापासून सुरुवात करतात आणि बऱ्याचदा तीच चूक पुन्हा करतात. त्याची गरज नसते. कुठल्या ओळी चुकल्या आहेत, त्यावरूनच चूक कुठल्या पायरीवर झाली हे कळतं. प्रत्येक चुकीचा आपला एक ठसा असतो. या पोस्टमध्ये तो ठसा ओळखायला शिकू.

आधी एक गोष्ट वेगळी काढा. उत्तर 'चुकलंय' की फक्त पुस्तकापेक्षा 'वेगळं आलंय'? ट्रुथ टेबलच्या सगळ्या ओळींना आउटपुट जुळत असेल आणि फक्त पाठीमागच्या उत्तराशी एक पद जुळत नसेल, तर बहुधा काहीही बिघडलेलं नाही. त्याचं कारण पुढे येईलच. निदान एकाही ओळीला आउटपुट वेगळं येत असेल, तरच चूक शोधायला बसा.

बार टाइप करताना गोंधळ होतो, म्हणून इथे A' म्हणजे ए बार असं लिहितो. उदाहरण हे घेऊ:

```
F = (B + D)' + A'B'CD' + A'BC + A'BC'D
```

चार इनपुट आहेत, म्हणजे सोळा ओळी. ट्रुथ टेबल भरताना थेट एक्स्प्रेशनवरून भरा, आकृतीवरून नको. आकृतीवरून भरलंत आणि आकृतीतच चूक असेल, तर ती टेबलात उतरते, टेबलातून मॅपमध्ये जाते, आणि शेवटी सगळं एकमेकांशी जुळतं पण प्रश्नाशी जुळत नाही. एक्स्प्रेशनवरून टेबल आणि एक्स्प्रेशनवरूनच आकृती, असे दोन स्वतंत्र रस्ते ठेवले तरच तपासणीला अर्थ राहतो.

पद-पद घेऊन पाहा. (B + D)' तेव्हाच 1 येतं जेव्हा B आणि D दोन्ही 0 असतात, म्हणजे 0000, 0010, 1000 आणि 1010. दुसरं पद फक्त 0010 ला 1 देतं, आणि ती ओळ आधीच आली आहे. तिसरं पद 0110 आणि 0111 देतं. चौथं 0101 देतं. म्हणजे एकूण सात ओळींना 1 आणि बाकी नऊ ओळींना 0.

आकृती काढताना: बार कुणावर आहे?

आकृती आउटपुटकडून काढायला घ्या. एक्स्प्रेशन सोडवताना सगळ्यात शेवटी जी क्रिया होते, तिचं गेट सगळ्यात उजवीकडे येतं. आपल्या उदाहरणात शेवटी चार पदांची बेरीज होते, म्हणून उजव्या टोकाला ऑर गेट. मग त्या ऑरच्या प्रत्येक इनपुटवर काय येतंय ते विचारा. पहिल्या इनपुटवर नॉर, बाकी तिन्हींवर अँड. त्या अँडच्या इनपुटवर जिथे बार आहे तिथे नॉट. कंस नसेल तर अँड आधी आणि ऑर नंतर, हा क्रम पक्का ठेवा.

सगळ्यात जास्त पाय घसरतात ते पहिल्या पदावर. (B + D)' वरची बार संपूर्ण बेरजेवर आहे. म्हणजे आधी ऑर, मग नॉट, अर्थात एकच नॉर गेट. घाईत ती बार तोडून दोघांना वाटली जाते आणि B' + D' असं सर्किट तयार होतं. डी मॉर्गनच्या नियमाप्रमाणे बार तोडली की आतली क्रियाही बदलते, म्हणून (B + D)' म्हणजे B'D', B' + D' नव्हे. वहीतून उतरवून घेतानाही हे होतं, कारण हाताने ओढलेली लांब बार मध्येच तुटल्यासारखी दिसते.

या चुकीचा ठसा असा: B आणि D यांपैकी नेमका एकच 1 असेल तेव्हा चुकीचं सर्किट 1 देतं. आपल्या उदाहरणात 0001, 0011, 0100, 1001, 1011, 1100 आणि 1110 या सात ओळींना 0 हवं असताना 1 येतो. 0110 लाही B एकटाच 1 आहे, पण तिथे तिसऱ्या पदामुळे तसाही 1 हवाच, म्हणून ती ओळ चूक दाखवत नाही. लक्षात घेण्यासारखी खूण म्हणजे चुकीचं आउटपुट नेहमी जास्तीच्या 1 चं असतं. हवा असलेला 1 एकाही ओळीत गायब होत नाही. असं दिसलं की मॅपकडे न जाता थेट बेरजेवरची बार बघा. गुणाकारावरची बार तुटली, म्हणजे (AB)' ऐवजी A'B' झालं, तर नेमकं उलट होतं, हवे असलेले 1 गळतात.

मॅप भरताना: 01 नंतर 10 नाही

के-मॅपची कल्पना अशी की शेजारच्या दोन घरांत फक्त एकच इनपुट बदललेलं असावं. तसं असेल तरच दोन 1 एकत्र घेऊन ते बदलणारं इनपुट गाळता येतं. साध्या मोजणीच्या क्रमात 01 नंतर 10 येतो आणि तिथे दोन्ही बिट एकदम बदलतात, म्हणून मॅपच्या कडेला 00, 01, 11, 10 असा क्रम लिहितात. एडवर्ड वीचनी १९५२ मध्ये अशीच चौकट मांडली होती, पण तिच्यात साध्या मोजणीचा क्रम होता. बेल लॅब्जमधल्या मॉरिस कार्नोंनी १९५३ मध्ये तो क्रम बदलून घेतला. आज आपण जो मॅप भरतो तो त्यांच्याच मांडणीचा.

बरोबर भरलेला मॅप असा दिसतो:

```
        CD
AB    00  01  11  10
00     1   0   0   1
01     0   1   1   1
11     0   0   0   0
10     1   0   0   1
```

आता चूक कशी होते पाहा. कडेला 00, 01, 11, 10 असं बहुतेक सगळे बरोबर लिहितात, कारण ते पाठ असतं. पण आत भरताना ट्रुथ टेबलचा कॉलम वरून खाली वाचत जातात आणि डावीकडून उजवीकडे उतरवत जातात. टेबलातला क्रम 00, 01, 10, 11 असतो आणि मॅपचा 00, 01, 11, 10. त्यामुळे शेवटच्या दोन कॉलमांची अदलाबदल होते:

```
        CD
AB    00  01  11  10
00     1   0   1   0
01     0   1   1   1
11     0   0   0   0
10     1   0   1   0
```

या चुकीच्या मॅपवरून ग्रुप अगदी नीट केले तरी उत्तर B'C'D' + B'CD + A'BD + A'BC असं येतं. दिसायला ते छान दिसतं, चार पदं, सगळी तीन-तीन अक्षरांची. तपासलं तर 0010 ला 1 हवा तिथे 0 येतो आणि 0011 ला 0 हवा तिथे 1. तसंच 1010 आणि 1011 चं. बाकी बारा ओळी बरोबर.

हा ठसा एकदा पाहिला की विसरत नाही. चुकलेल्या सगळ्या ओळींत C हा 1 असतो आणि त्या जोडीने चुकतात, एकीचं आउटपुट दुसरीला गेलेलं असतं. 0110 आणि 0111 ही जोडीसुद्धा अदलाबदल झालेली आहे, पण दोन्हीकडे 1 असल्यामुळे ते दिसत नाही. याच कारणाने काही गणितांत ही चूक करूनही उत्तर बरोबर येतं आणि पद्धत बरोबर असल्याचा समज होतो. म्हणून एखादं उत्तर जुळलं यावरून मॅप भरायची सवय बरोबर आहे असं धरू नका.

आडव्या ओळींच्या बाबतीतही हीच अदलाबदल होऊ शकते. 10 ची ओळ तिसरी भरली आणि 11 ची चौथी, तर चुकलेल्या सगळ्या ओळींत A हा 1 असतो. आपल्या उदाहरणात 1000 आणि 1010 चे 1 उचलून 1100 आणि 1110 ला गेलेले दिसतील. उपाय सोपा आहे. प्रत्येक घराच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ओळीचा क्रमांक लिहा, पहिल्या ओळीत 0, 1, 3, 2, दुसरीत 4, 5, 7, 6, तिसरीत 12, 13, 15, 14 आणि चौथीत 8, 9, 11, 10. मग घराच्या जागेकडे न बघता क्रमांकाकडे बघून भरा.

एक आणखी कारण, थोडक्यात. काही पुस्तकांत AB वर आडवे लिहितात आणि CD बाजूला उभे. ती मांडणीही तितकीच बरोबर आहे. पण तशा मॅपमध्ये या मांडणीचे क्रमांक टाकलेत तर AB आणि CD यांची जागा बदलते, आणि 0010 चं आउटपुट 1000 ला गेलेलं दिसतं. दोन पुस्तकं एकदम उघडी ठेवून अभ्यास करणाऱ्यांनी हे आवर्जून बघावं.

ग्रुप करताना: तिघांचा ग्रुप आणि चार कोपरे

मॅप बरोबर भरला आणि तरी उत्तर चुकलं, तर दुसऱ्या आडव्या ओळीकडे बघा. तिथे 0101, 0111 आणि 0110 असे तीन 1 सलग आहेत. डोळा त्यांना एकत्रच पकडतो आणि हात त्यांच्याभोवती एकच गोल काढतो. पण ग्रुप 1, 2, 4, 8 किंवा 16 घरांचाच होतो. तिघांचा गोल काढून त्याला A'B म्हटलं, तर A'B मध्ये चौथं घर 0100 सुद्धा आलं, आणि तिथे 0 हवा आहे. ठसा: फक्त एकच ओळ चुकते, 0100, आणि तिथे जास्तीचा 1 येतो. एखादीच ओळ चुकलेली असेल तर बहुतेक वेळा कारण ग्रुपमध्येच सापडतं.

बरोबर पद्धत म्हणजे मधलं 0111 दोन्ही जोड्यांत वापरायचं. एक 1 कितीही ग्रुपमध्ये घेता येतो. 0101 आणि 0111 ची जोडी A'BD देते. 0111 आणि 0110 ची जोडी A'BC देते.

चार कोपरे मात्र एकत्र येतात. मॅपची डावी कड उजव्या कडेला आणि वरची खालच्या कडेला जोडलेली असते, म्हणून 0000, 0010, 1000 आणि 1010 हा चौघांचा एक ग्रुप आहे आणि त्यातून B'D' मिळतं. कोपरे न ओळखता दोन जोड्या केल्या तर A'B'D' + AB'D' येतं. इथे आउटपुट बरोबरच राहतं, फक्त सर्किट उगाच मोठं होतं. म्हणजे हा प्रकार 'चुकलंय' मध्ये मोडत नाही, 'पूर्ण लहान झालेलं नाही' मध्ये मोडतो. परीक्षेत मात्र याचे गुण जातात, म्हणून कोपरे आधी बघायची सवय लावा.

आता ते पुस्तकाशी न जुळणारं उत्तर. 0000, 1000 आणि 1010 फक्त B'D' मध्येच बसतात, आणि 0101 फक्त A'BD मध्ये. ही दोन पदं घ्यावीच लागतात. उरतो एकटा 0110. त्याला 0111 बरोबर घेतलं तर A'BC, 0010 बरोबर घेतलं तर A'CD'. दोन्हीही तीन अक्षरांची आहेत. म्हणून ही दोन्ही उत्तरं तितकीच लहान आणि तितकीच बरोबर आहेत:

```
F = B'D' + A'BD + A'BC
F = B'D' + A'BD + A'CD'
```

पुस्तकात एक छापलं असेल आणि तुमचं दुसरं आलं असेल, तर ते खोडू नका. उत्तरपत्रिकेत 0110 ला दोन पर्याय आहेत असं एक वाक्य लिहिलं तर तपासणाऱ्यालाही सोपं जातं.

सोळा ओळी हाताने तपासायचा कंटाळा येत असेल तर एवढा कोड पुरतो. तो फक्त चुकलेल्या ओळी छापतो, आणि काहीच छापलं नाही तर दोन्ही एक्स्प्रेशन सारखी आहेत.

```python
from itertools import product

for A, B, C, D in product([0, 1], repeat=4):
    juna = (not (B or D)
            or (not A and not B and C and not D)
            or (not A and B and C)
            or (not A and B and not C and D))
    nava = ((not B and not D) or (not A and B and D)
            or (not A and B and C))
    if bool(juna) != bool(nava):
        print(A, B, C, D)
```

बारसाठी `not` च वापरा. पायथनमध्ये `~1` ची किंमत -2 येते, आणि शून्य नसलेली कुठलीही संख्या अशा अटीत खरी धरली जाते, त्यामुळे `~` वापरलं की बार असलेलं प्रत्येक अक्षर कायम 1 धरल्यासारखं होतं.

कागदावर जुळतं, ब्रेडबोर्डवर नाही

कोड काही छापत नाही, सिम्युलेटरही बरोबर दाखवतो, आणि तरी ब्रेडबोर्ड ऐकत नाही. अशा वेळी बीजगणित बाजूला ठेवा आणि नॉरच्या 7402 चिपकडे बघा. अँडच्या 7408 आणि ऑरच्या 7432 मध्ये पहिल्या गेटचे इनपुट पिन 1 आणि 2 वर असतात आणि आउटपुट 3 वर. 7402 मध्ये नेमकं उलट आहे: आउटपुट पिन 1 वर आणि इनपुट 2 आणि 3 वर. सवयीने 7408 सारख्या वायरी लावल्या की नॉरच्या आउटपुटवरच इनपुटची वायर चढते. चिप गरम लागते किंवा B बदलला तरी एलईडी हलत नाही, आणि दोष मॅपला दिला जातो. 14 नंबर पिनला पाच व्होल्ट आणि 7 नंबरला ग्राउंड हे मात्र या सगळ्या चिपमध्ये सारखंच आहे.

दुसरं कारण सुटलेल्या इनपुटचं. 74 किंवा 74LS मालिकेतल्या चिपचं इनपुट मोकळं राहिलं तर ते साधारण 1 सारखं वागतं. तीन इनपुटच्या अँडला C ची वायर नीट बसली नसेल तर A'BC चं A'B होऊन बसतं, आणि 0100 ला जास्तीचा 1 येतो. हा अगदी तिघांच्या चुकीच्या ग्रुपसारखाच ठसा आहे. म्हणून फक्त 0100 चुकत असेल तर आधी मॅपवरचे गोल बघा, ते ठीक असतील तर मल्टिमीटर घेऊन C ची वायर चिपच्या पायापाशी तपासा, ब्रेडबोर्डच्या भोकापाशी नको. 74HC मालिकेत मोकळ्या इनपुटचं काही सांगता येत नाही, हात जवळ नेला तरी आउटपुट बदलू शकतं.

चिप किती लागतात तेही पाहू. मूळ एक्स्प्रेशन जसंच्या तसं बांधायचं तर 7402, नॉटची 7404, तीन इनपुटच्या अँडची 7411, चार इनपुटच्या अँडची 7421 आणि 7432 अशा पाच चिप लागतात. लहान उत्तरात चार इनपुटचा अँड राहत नाही, म्हणून 7421 गेली. B'D' हे पुन्हा (B + D)' म्हणून एकाच नॉरवर करता येतं. आणि 7402 मध्ये चार नॉर असतात, त्यातल्या एकाचे दोन्ही इनपुट जोडून A दिलं की A' मिळतो, म्हणजे 7404 ही गेली. उरल्या तीन चिप आणि सहा गेट.

इथे के-मॅपची मर्यादाही दिसते. तो गुणाकारांच्या बेरजेतलं सगळ्यात लहान रूप देतो, सगळ्यात कमी गेटचं रूप देईलच असं नाही. A'BD + A'BC मधून A'B बाहेर काढलं तर F = (B + D)' + A'B(C + D) होतं आणि पाचच गेट लागतात. हे मॅपवर कुठेच दिसत नाही, ते उत्तर आल्यावर आपण हाताने करायचं.

कमी गेट हाच नेहमी चांगला निर्णय असतो असंही नाही. A = 0, C = 1, D = 0 ठेवून B ला 1 वरून 0 वर आणा. आधी A'BC मुळे आउटपुट 1 होतं, नंतर B'D' मुळे 1 राहायला हवं. पण एक पद बंद होणं आणि दुसरं सुरू होणं एकाच क्षणी होत नाही, गेटला काही नॅनोसेकंद उशीर लागतो, आणि मध्ये आउटपुट क्षणभर 0 ला जाऊ शकतं. एलईडीवर ते कधीच दिसणार नाही. F जर एखाद्या फ्लिपफ्लॉपच्या क्लॉकला जोडलं असेल, तर मात्र काउंटर मधूनच एक आकडा जास्त मोजतो आणि कारण सापडत नाही. मॅपवर बघा, 0010 आणि 0110 शेजारी आहेत पण एकाच ग्रुपमध्ये नाहीत, धोका तिथेच आहे. वर गाळलेलं A'CD' हे पद परत घेतलं की ती फट बुजते, आणि 0110 व 0111 मधली जागा A'BC ने झाकलेली राहते. यासाठी नवी चिपही लागत नाही: D' साठी 7402 मधला आणखी एक नॉर, 7411 मधला तिसरा अँड आणि 7432 मधला एक ऑर मोकळे आहेतच.